सकाळची कंबर आणि खड्डा पडलेली गादी

कंबर दुखते म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "गादी सोड, जमिनीवर सतरंजी टाकून झोप." गादीच्या दुकानातला माणूस म्हणतो, "ही ऑर्थोपेडिक घ्या, एकदम कडक आहे." एक सल्ला फुकटचा, दुसरा महागाचा, पण दोघांचं गृहीतक एकच: जितकं कडक, तितकं कंबरेला चांगलं. हे केवळ लोकांच्या बोलण्यातलं नव्हतं. गादीखाली लाकडी फळी टाका, असं अस्थिरोगतज्ज्ञही कित्येक वर्षं सांगत आले.

2003 साली या गृहीतकाची नीट परीक्षा झाली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीचे 313 रुग्ण निवडले आणि त्यांच्या घरच्या गाद्या बदलून दिल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काहींना कडक गादी मिळाली, काहींना मध्यम कडक. कोणाला कुठली मिळाली हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि त्याला तपासणाऱ्यालाही. कडकपणा युरोपीय मोजपट्टीवर ठरवला होता. त्या पट्टीवर 1 म्हणजे सर्वांत कडक आणि 10 म्हणजे सर्वांत मऊ. कडक गादी होती 2.3 वर आणि मध्यम होती 5.6 वर. नव्वद दिवसांनी पाहिलं, तर अंथरुणात पडल्यावर दुखणं, उठताना दुखणं आणि दुखण्यामुळे कामं अडणं, या तिन्ही बाबतींत मध्यम गादीवाल्यांची स्थिती अधिक चांगली होती. हा अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यातून काय सिद्ध झालं आणि काय नाही, हे नेमकं समजून घ्यायला हवं. अगदी मऊ गादी या प्रयोगात नव्हतीच, त्यामुळे मऊ गादीबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय यातले रुग्ण असे होते, ज्यांना अंथरुणात आणि उठताना दुखायचं, पण मणक्याचा एखादा गंभीर आजार सापडलेला नव्हता. म्हणजे तुमची कंबर दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी दुखत असेल आणि सकाळी ठणठणीत असेल, तर हा निष्कर्ष तुमच्यासाठी नाही. त्या कंबरेला गादी बदलून फारसं काही मिळणार नाही.

मध्यमच का?

आपलं शरीर सगळीकडे सारख्या वजनाचं नसतं. उताणं झोपल्यावर सर्वांत मोठा भार नितंबांवर आणि त्या खालोखाल पाठीच्या वरच्या भागावर येतो. मधली कंबर हलकी असते आणि थोडी उचललेलीही असते, कारण तिथे कण्याला नैसर्गिक बाक आहे. गादी फार मऊ असली की नितंब खोल जातात आणि माणूस झोळीत निजल्यासारखा दुमडतो. कंबरेचे सांधे आणि अस्थिबंध सहा-सात तास ताणलेल्या अवस्थेत राहतात.

फळीवर किंवा फरशीवर याच्या उलट होतं. खाली काहीच दबत नसल्याने नितंब आणि खांदे टेकतात, कंबर मात्र अधांतरी राहते. कुशीवर झोपणाऱ्याचे हाल आणखी होतात. खांद्याचं आणि खुब्याचं हाड जमिनीला रुततं, कंबर खाली लोंबते आणि कण्याची ओळ तिथे वाकते. रुतलेला भाग दुखायला लागला की माणूस कूस बदलतो, मग पुन्हा बदलतो, आणि झोप तुटत राहते.

म्हणून चांगल्या गादीचं काम दुहेरी आहे. जड भागाला थोडं आत घ्यायचं, पण बुडू द्यायचं नाही, आणि हलक्या भागाला खालून टेकू द्यायचा. कुशीवर झोपलेल्या माणसाच्या मागे उभं राहून पाहिलं तर मानेपासून माकडहाडापर्यंतची ओळ साधारण सरळ दिसली पाहिजे. हे साधणारा कडकपणा प्रत्येकाला वेगळा लागतो. पन्नास किलोच्या माणसाला जी गादी कडक वाटते, तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ वाटेल, कारण त्याच्याखाली ती जास्त दबते. कंबर बारीक आणि खुबे रुंद असलेली, कुशीवर झोपणारी स्त्री आणि सपाट बांध्याचा, उताणा झोपणारा पुरुष, यांच्या गरजाही निराळ्या. तेव्हा 'मध्यम' हा शिक्का दुकानातल्या लेबलावर शोधायचा नसतो. तो तुमच्या वजनाखाली ठरतो.

आधी सकाळचं दुखणं वाचा

गादी दोषी आहे की नाही, याचा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे सकाळचा पहिला तास. रात्री झोपताना कंबर बरी असते, उठताना ती धरलेली असते, आणि तोंड धुऊन, चहा पिऊन, थोडं चालल्यावर अर्ध्या तासाच्या आत मोकळी होते, असं रोज घडत असेल तर संशय गादीवर घ्यायला जागा आहे. परगावी चार-सहा रात्री दुसऱ्या अंथरुणावर झोपल्यावर सकाळचं दुखणं कमी झालं आणि घरी येताच परतलं, तर संशय बळावतो. एका रात्रीवरून मात्र काही ठरवू नये. प्रवासाचा शीण, बदललेला दिनक्रम, सुट्टीतलं चालणं-फिरणं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं.

सकाळी कंबर थोडी ताठ असण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्यात गादीचा काही दोष नसतो. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर भाराखाली दबून पाणी सोडतात आणि रात्री आडवं पडल्यावर ते परत शोषून घेतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. या फुगलेल्या चकत्यांमुळे उठल्याउठल्या पुढे वाकलं की कंबरेवर दिवसातल्या इतर वेळेपेक्षा जास्त ताण येतो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या लोकांना सकाळचे पहिले काही तास पुढे वाकणं टाळायला शिकवलं गेलं, आणि त्यांचं दुखणं कमी झालं. तेव्हा नवी गादी घेण्याआधी हा बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठायचं. बादली उचलणं, केर काढणं, जमिनीवर बसून पोळ्या लाटणं ही कामं थोडी उशिरा करायची.

काही दुखणी मात्र गादीच्या दुकानात न्यायचीच नसतात. वय चाळिशीच्या आत आहे, तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर दुखते आहे, पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळचा ताठपणा अर्धा तास उलटला तरी जात नाही आणि आरामाने वाढून हालचालीने कमी होतो, असं चित्र असेल तर ते संधिवाताच्या एका प्रकाराचं असू शकतं. अशा माणसाने संधिवाततज्ज्ञाला दाखवावं. दुखण्यासोबत ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्या-आपटल्याचा इतिहास किंवा कुठल्याच स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरता येणं, पायातली ताकद जाणं ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायची लक्षणं आहेत.

जुन्या गादीचं वय वर्षांत मोजू नका

गादी किती वर्षांनी बदलावी, याला ठोकळेबाज उत्तर दिलं जातं: सात ते दहा वर्षांनी. अंदाज म्हणून ते ठीक आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी 59 जणांच्या जुन्या गाद्या काढून मध्यम कडक नव्या दिल्या. जुन्यांचं सरासरी वय होतं साडेनऊ वर्षं. चार आठवड्यांत त्यांची झोप सुधारली आणि कंबरेची कुरकुरही कमी झाली. पण आपल्याला नवी गादी मिळाली आहे हे त्या सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे सुधारणेतला काही वाटा नव्या वस्तूच्या आनंदाचा असू शकतो. आणि घरात पाहुण्यांसाठी ठेवलेली दहा वर्षांची गादी टणटणीत असते, तर ऐंशी-नव्वद किलोचा माणूस रोज झोपतो ती स्वस्त फोमची गादी तीन वर्षांत बसलेली असते. म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवून एक दोरी आणि एक मोजपट्टी घ्यावी.

चादर काढून गादी दोन-तीन तास रिकामी राहू द्यावी. मग नितंब येतात त्या भागावरून आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी घट्ट ताणून धरावी. दोरीपासून गादीच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर जिथे सर्वांत जास्त आहे तिथे मोजावं. एक सेंटिमीटरच्या आसपास खळगा असेल तर तो वापराचा मानावा. अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक इंच किंवा जास्त असेल, तर गादी संपली असं धरायला हरकत नाही. रिकाम्या गादीत जो खड्डा एक इंचाचा दिसतो, तो माणूस झोपल्यावर आणखी खोल जातो, हे लक्षात ठेवावं.

यानंतर गादी उचलून तीच दोरी पलंगावर ताणावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि फसतात. खाली सामान ठेवायच्या बॉक्स पलंगाचं प्लायवुड मधोमध वाकलेलं असतं, लोखंडी पलंगाच्या पट्ट्या झुकलेल्या असतात, आणि शिव्या मात्र गादीला बसतात. पलंग वाकलेला असेल तर नवी गादीही त्याच आकारात बसेल. खात्री करायची तर गादी आठवडाभर जमिनीवर टाकून झोपून पाहावं. दुखणं हललं, तर सुतार बोलवावा.

गादी कशाची आहे, त्यावर ती कशी मरते हे ठरतं. काथ्याच्या गादीत नारळाचे तंतू रबराच्या चिकाने एकमेकांना बांधलेले असतात. वर्षानुवर्षांच्या दाबाने ते रबर ठिसूळ होतं, तंतू तुटतात आणि पलंगावर तांबूस भुगा पडू लागतो. भुगा दिसला म्हणजे आतली बांधणी सुटते आहे. फोमची गादी गुपचूप थकते. तिच्यावर तळहात जोरात दाबून सोडला आणि नितंबांच्या जागचा फोम कडेच्या फोमपेक्षा सहज दबून आळसाने वर आला, तर त्याची ताकद गेली आहे. मात्र मेमरी फोम मुळातच सावकाश वर येतो, त्याला ही परीक्षा लावू नये. स्प्रिंगची गादी करकरते, किंवा एखादी तार अंगाला जाणवू लागते.

कापसाच्या गादीची गोष्ट या सगळ्यांहून निराळी. इतर गाद्या मऊ होत खचतात, कापसाची दबून टणक होते आणि तिच्यात गठ्ठे होतात. कंबरेखाली गठ्ठा आणि नितंबांखाली पोकळी असं झालं की सकाळ अवघड जाते. पण हीच एक गादी अशी आहे जिला पुन्हा जिवंत करता येतं. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, थोडा नवा घातला, खोळ घट्ट शिवून टाके नीट घातले, की ती पुन्हा भरते. कंबरदुखीच्या माणसाने दर एक-दोन वर्षांनी हे करावं आणि मधल्या काळात ऊन दाखवत राहावं. ती फेकायची गरज सहसा पडत नाही.

नवी घेताना

'ऑर्थोपेडिक' ही पाटी म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हे. कुठल्याही कंपनीला ती आपल्या गादीवर लावता येते. प्रत्यक्षात या नावाखाली बहुतेकदा काथ्याचा किंवा रिबॉन्डेड फोमचा, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला, कडक थर असतो आणि वर इंचभर मऊ फोम. तुमचं वजन बरंच असेल आणि तुम्ही उताणे झोपत असाल तर ती जमूनही जाईल. हलक्या, कुशीवर झोपणाऱ्या माणसाला ती फळीसारखीच वाटेल.

दुकानात दुसरा घोटाळा होतो 'डेन्सिटी'वरून. "चाळीस डेन्सिटी आहे, कडकच असणार," असं सांगतात. फोमची घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. तिच्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणाचा नाही. चाळीसचा फोम मऊही बनतो आणि कडकही. रोजच्या वापराच्या गादीच्या मुख्य थराला चाळीसच्या आसपास घनता असली तर बरं, तीसच्या खालचा फोम लवकर बसतो. मेमरी फोमला याहून जास्त, पन्नासच्या पुढची घनता लागते. म्हणून दुकानदाराला दोन वेगळे प्रश्न विचारावेत: प्रत्येक थराची घनता किती, आणि तो दाबायला किती कडक. पहिल्याचं उत्तर बिलावर लिहून घ्यावं. दुसऱ्याचं उत्तर आडवं पडून स्वतः मिळवावं.

मेमरी फोम अंगाच्या आकारात बसतो, पण थंडीत ताठर आणि उन्हाळ्यात मऊ होतो. विदर्भातल्या मे महिन्यात त्यावर उकडतंही. ज्याला कूस बदलतानाच कळ येते, त्याला जाड मेमरी फोममधून वळणं जड जातं, कारण शरीर त्यात रुतून बसतं. लॅटेक्स लगेच उसळतो, त्यामुळे वळणं सोपं जातं आणि तो टिकतोही, पण महाग आणि वजनाला जड. सुट्या पिशव्यांतल्या स्प्रिंगांची गादी, जिला पॉकेट स्प्रिंग म्हणतात, खुब्याखाली दबते आणि कंबरेखाली वर राहते, कारण तिची प्रत्येक स्प्रिंग वेगळी हलते. जोडलेल्या स्प्रिंगांच्या स्वस्त गादीत एकाने कूस बदलली की दुसराही हलतो.

दुकानात गादीच्या काठावर बसून दोन मिनिटांत निर्णय घेऊ नये. चपला काढून, आपली उशी घेऊन, ज्या स्थितीत झोप लागते त्याच स्थितीत दहा-पंधरा मिनिटं पडावं. उताणं असताना कंबरेखालून हात घालून पाहावा. हात मोकळा आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. घुसवावा लागला तर ती जास्त दबते आहे. हलक्या घासणीने सरकला तर बेताची. कुशीवर असताना सोबतच्या माणसाला मागून मोबाइलवर फोटो काढायला सांगावा आणि कण्याची ओळ पाहावी. शेवटी दोन-तीनदा कूस बदलून, पाय सोडून उठून पाहावं. पलंग आणि गादी मिळून उंची साधारण गुडघ्याएवढी असावी, म्हणजे उठताना कंबर वाकवावी लागत नाही.

एका घरातलं उदाहरण

समजा, अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. वजन 84 किलो, उताणे झोपतात. कंबरेच्या खालच्या चकतीचा जुना त्रास, अधूनमधून डाव्या पायाला मुंग्या. पत्नीचं वजन 54 किलो, त्या कुशीवर झोपतात. पलंग साडेसहा बाय सहा फुटांचा, बॉक्सचा, आणि त्यावर नऊ वर्षांची पाच इंची काथ्याची एकसंध गादी.

गृहस्थांनी आठवडाभर उठल्याबरोबर दुखण्याला शून्य ते दहामध्ये गुण दिले. ते सहाच्या आसपास राहिले आणि आंघोळीपर्यंत दोनवर आले. मग दोरी लावली. त्यांच्या बाजूला खड्डा निघाला 32 मिलिमीटरचा, पत्नीच्या बाजूला 18. पत्नीच्या बाजूचा खड्डा त्यांच्या वजनाच्या मानाने खोल होता. उलगडा सोपा होता. वर्षभरापूर्वी त्यांनी गादी डोक्याकडची पायाकडे फिरवली होती आणि त्यात नवऱ्याच्या बाजूचा खळगा बायकोच्या बाजूला आला होता. फिरवल्याने झीज वाटली जाते, भरून निघत नाही. पलंगाच्या प्लायवुडवर दोरी लावली तर ते सरळ होतं. म्हणजे दोष गादीचाच.

मुलाने सुचवलं की वर दोन इंची टॉपर टाकू. पण टॉपर खालच्या आकारातच बसतो, खड्ड्यावर टाकला की मऊ खड्डा होतो. गादी सपाट असून नुसतीच कडक असती, तर टॉपरने काम भागलं असतं. तसंच गादीखाली फळी टाकूनही उपयोग नव्हता, कारण फळी वाकलेला पलंग सावरते, खचलेली गादी नाही.

इथे एकसंध गादीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या घेणं शहाणपणाचं. तीस किलोंचा फरक असलेल्या दोघांना एकच कडकपणा मानवणं अवघड असतं. गृहस्थांसाठी सहा इंची गादी: खाली चाळीस घनतेचा कडकसर फोम, वर इंचभर लॅटेक्स. पत्नीसाठी तेवढ्याच उंचीची, पण वरचा मऊ थर दोन इंचांचा, म्हणजे खुबा आणि खांदा आत जायला जागा राहते. दोन्हींवर मिळून एकच खोळ घातली की मधली फट लागत नाही. बॉक्स पलंगाच्या प्लायवुडला काही भोकं पाडून घेतली तर गादीखाली हवा खेळते. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात अशा बंद पलंगावर गादी खालून दमट होऊन बुरशी धरते, म्हणून ती अधूनमधून उभी करून वाळवावी लागते.

अशा माणसाने नव्या गादीकडून काय अपेक्षा करावी? पहिले काही दिवस उलट अंग दुखेल, कारण शरीराला खड्ड्याची सवय झालेली असते. साधारण महिनाभरात उठतानाचं दुखणं सहावरून तीनवर आलं, तर गादीने तिचं काम केलं. पायाच्या मुंग्या मात्र कमी होणार नाहीत. त्या चकतीने चेपलेल्या नसेमुळे येतात, आणि त्यासाठी डॉक्टर, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम आणि चालणं सुरूच ठेवावं लागतं.

घेतल्यानंतरचे तीन महिने

गादी घेताना परतीची अट वाचून घ्यावी. ऑनलाइन विकणाऱ्या काही कंपन्या शंभर रात्रींची मुदत देतात. ती कामाची असते, कारण स्पेनच्या प्रयोगातही तुलना नव्वद दिवसांनीच केली होती. वॉरंटीचं तसं नाही. दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे दहा वर्षं कंबरेला आधार, असा तिचा अर्थ नसतो. ती बनावटीतल्या दोषाची असते, आणि खड्डा किती खोल झाला की तो दोष मानायचा हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी तो आकडा इंचाच्या आसपास असतो. गादी वाकलेल्या पलंगावर ठेवली होती किंवा तिच्यावर डाग पडले होते, या कारणांनीही दावा नाकारला जातो. तेव्हा पहिल्या दिवसापासून खोळ घालावी आणि बिल जपावं.

नवी गादी घेणं लगेच जमत नसेल, तर उताणं झोपताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवावी. कंबरेची पोकळी मोठी वाटत असेल तर तिथे घडी केलेला पंचा ठेवावा. खड्डा पडलेल्या गादीवर पलंगाची दुसरी बाजू, जिथे कोणी झोपत नाही, ती काही काळ वापरता येते.

सकाळचे गुण लिहायची सवय खरेदीनंतरही सोडू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक आकडा पुरतो. पंधरा-वीस दिवसांत तो हळूहळू उतरू लागला, तर गादी जमली. महिन्यानंतर वाढतच राहिला, तर मुदतीच्या आत परत करून कडकपणा बदलून घ्यावा. आणि सपाट, बेताच्या गादीवर तीन महिने झोपूनही तो जागचा हलला नसेल, तर आणखी महाग गादीच्या शोधात जाऊ नये. ते पैसे तपासणीसाठी ठेवावेत, कारण दुखण्याचं मूळ अंथरुणात नाही, हे तोवर पुरेसं स्पष्ट झालेलं असतं.